तिसऱ्या शिट्टीपर्यंत: एका ऑफिसच्या विनोदाचं पुनर्लेखन

माझी एक मैत्रीण पुण्यात एका कंपनीच्या पगार विभागात काम करते. आठवड्यातले तीन दिवस ऑफिसात, दोन दिवस घरून. मागच्या पावसाळ्यात तिने एक गमतीची पोस्ट लिहिली आणि आधी जुन्या-नव्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर टाकली. चालली तर फेसबुकवर टाकायचा तिचा विचार होता. पोस्ट अशी होती:

> जेव्हा तुमचा मॅनेजर म्हणतो “फक्त दोन मिनिटांचा कॉल आहे” आणि तो कॉल संपता संपत नाही! वर्क फ्रॉम होमवाल्यांचं दुःख फक्त वर्क फ्रॉम होमवाल्यांनाच कळतं. कोण कोण रिलेट करतंय? कॉमेंटमध्ये सांगा!

खाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले तीन चेहरे.

ग्रुपवर दोन अंगठे आले, एकाने ‘खरंय’ लिहिलं आणि पाठोपाठ कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा सुरू झाल्या. मी मराठी जाहिराती आणि पोस्टचा मजकूर लिहिण्याचं, दुसऱ्यांचा तपासण्याचं काम करते, म्हणून तिने रात्री मला फोन केला. “अगं, यात चुकलं काय? हे तर सगळ्यांच्याच बाबतीत होतं.”

मी तिला विचारलं, “पण तुला हे लिहावंसं का वाटलं? त्या दिवशी काय झालं होतं?”

“काही नाही गं, कुकर लावत होते मी, आणि साहेबांनी कॉलवर बोलावलं...” असं म्हणून तिने जे सांगितलं, ते ऐकून मी इतक्या जोरात हसले की आतल्या खोलीतून आई काय झालं म्हणून विचारायला आली. फोनवर तिने एकदाही ‘रिलेट’ हा शब्द वापरला नव्हता. पोस्टमध्ये कुकरचा पत्ता नव्हता. माझं काम तिथेच ठरलं: फोनवर जे होतं आणि पोस्टमध्ये जे नव्हतं, ते परत आणायचं.

तिने कुकर विसरून वगळला नव्हता, जाणूनबुजून वगळला होता. “ते घरातलं काय लिहायचं? सगळ्यांकडे त्याच वेळी कुकर थोडाच असतो? कॉल मात्र सगळ्यांनाच असतात,” हा तिचा हिशेब. तो वरवर अगदी बरोबर वाटतो. जास्तीत जास्त लोकांना आपलं वाटावं म्हणून जे फक्त आपलं आहे ते काढून टाकायचं. पण मग उरतं ते सगळ्यांनी आधीच शंभरदा वाचलेलं असतं. ‘लांबलेला कॉल’ हे चित्र नाही, तो एक प्रकार आहे. वाचणाऱ्याला त्यात पाहायला, ऐकायला काहीच मिळत नाही. तो मान डोलावतो आणि पुढे सरकतो. ‘खरंय’ हा प्रतिसाद मला म्हणूनच बोलका वाटला. माणूस हसतो तेव्हा ‘खरंय’ लिहीत नाही.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात हास्याचे दोन प्रकार सांगितले आहेत: पात्र स्वतः हसतं तो आत्मस्थ, आणि दुसऱ्याला हसवतं तो परस्थ. पोस्टच्या शेवटी लावलेले ते तीन चेहरे म्हणजे लिहिणारीचं स्वतःचं हसणं. ते वाचणाऱ्याकडे पोचायचं असेल तर हसू ज्यातून आलं ती गोष्ट त्याच्यासमोर मांडावी लागते, आणि ती गोष्ट तर घरातलं म्हणून बाहेर ठेवली होती.

पहिल्या ओळीविषयीही एक तक्रार माझ्याकडे होती. ‘जेव्हा तुमचा मॅनेजर म्हणतो...’ हा इंग्रजी मीममधून जसाच्या तसा उचललेला साचा आहे. मराठीत ‘जेव्हा’ आला की कान ‘तेव्हा’ची वाट पाहतो. इथे ‘तेव्हा’ येतच नाही, त्यामुळे वाक्य लोंबकळत राहतं. शिवाय ‘तुमचा’ म्हटल्याबरोबर घटना कुणाचीच राहत नाही. फोनवर ती ‘मी’ आणि ‘साहेब’ म्हणत होती. मराठीत किस्सा असाच सांगितला जातो.

दुसऱ्या दिवशी तिने नवा मसुदा पाठवला. या वेळी तिने तपशील घातले होते, पण भरभरून:

> मंगळवारी दुपारी सव्वाबारा वाजता मी पाच लिटरच्या कुकरमध्ये खालच्या डब्यात तुरीची डाळ आणि वरच्या डब्यात आंबेमोहोर तांदूळ लावत होते. बाहेर मुसळधार पाऊस होता आणि मुलगा ऑनलाइन क्लासला बसला होता. इतक्यात मॅनेजरचा मेसेज आला की पीएफच्या यादीबद्दल फक्त दोन मिनिटं बोलायचं आहे. कॉलवर आम्ही सातजण होतो. तिसऱ्या शिट्टीला मॅनेजरनी मला गॅस बंद करायला सांगितलं आणि नंतर मुख्य विषयावर चर्चा सुरू केली.

ठोस तपशील हवा म्हटलं की बहुतेकांचा दुसरा मसुदा असाच होतो. इथे तपशील पुष्कळ आहेत, पण त्यातले बरेच नुसतेच हजर आहेत, कामाला लागलेले नाहीत. मी अशा वेळी एकेक तपशील काढून बघते आणि गंमत मोडते का ते तपासते. पाऊस काढला, काही बिघडलं नाही. मुलगा, मंगळवार, सव्वाबारा, सातजण, सगळे एकेक करून गेले, तरी गंमत शाबूत. आंबेमोहोर काढताना तिला वाईट वाटलं. तो शब्द छान आहे खरा, वासासकट येतो. पण वाचणारा तिथे थांबून तांदळाचा विचार करतो, आणि आपल्याला तर त्याचे कान शिट्टीकडे हवेत. पीएफची यादी मी आणखी एका कारणाने काढली: तिचा संबंध एका सहकाऱ्याच्या पगारकपातीशी होता, आणि ते चार लोकांत जायचं काही कारण नव्हतं.

मग कुकर काढून पाहिला. सगळं कोसळलं. ‘दोन मिनिटं’ काढून पाहिलं, पुन्हा कोसळलं. या दोन गोष्टी एकमेकींना धरून उभ्या आहेत. कुकर लावल्यावर पहिली शिट्टी व्हायलाच सहासात मिनिटं तरी जातात, पाणी आणि डाळ जास्त असेल तर आणखी. म्हणजे दोन मिनिटांचा शब्द पहिल्या शिट्टीलाच मोडलेला असतो, आणि ते वाचणाऱ्याला कुणी सांगावं लागत नाही. त्याच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ त्याला सांगतं. कॉल पंचवीस मिनिटं चालला असं लिहिलं असतं तर तो नुसता आकडा झाला असता. शिट्टी कानात वाजते, आणि पुढची कधी होणार याची वाट बघायला लावते. कुकर इथे सजावटीला आलेला नाही, तो वेळ मोजतो आहे. विजेवरचा भातकुकर असता तर हीच घटना या पद्धतीने लिहिताच आली नसती, कारण तो न ओरडता शिजवतो.

आता राहिला शेवट. दुसऱ्या मसुद्यात गंमत होती, पण ती शेवटच्या वाक्यात गाडली गेली होती: ‘गॅस बंद करायला सांगितलं आणि नंतर मुख्य विषयावर चर्चा सुरू केली.’ मराठी वाक्य क्रियापदावर संपतं, त्यामुळे जो शब्द हसवणार तो बहुतेक वेळा आधी येऊन जातो आणि वाक्य ‘केली’, ‘झाली’, ‘होती’ यांच्यावर निवतं. हा पेच मराठीत विनोद लिहिणाऱ्या प्रत्येकाला रोज सोडवावा लागतो. त्यातून सुटायची सगळ्यांत सरळ वाट म्हणजे माणसाला बोलू द्यायचं. ‘त्यांनी असं सांगितलं’ असं लिहिण्याऐवजी ते जे बोलले तेच शब्द द्यायचे. बोलण्यातलं क्रियापद त्या माणसाचं असतं, त्यात त्याचा सूर असतो, त्यामुळे तिथे वाक्य निवत नाही.

म्हणून मी विचारलं, “साहेब नक्की काय म्हणाले? शब्द सांग.”

“म्हणाले गॅस बंद करा.”

“तेवढंच? एकदम?”

“नाही, आधी थांबले. बोलत होते ते थांबले. म्हणाले, ‘मॅडम, तीन झाल्या. गॅस बंद करा.’”

हे ‘तीन झाल्या’ आत्तापर्यंत कुठल्याच मसुद्यात नव्हतं, फोनवरच्या पहिल्या सांगण्यातही नव्हतं. म्हणजे साहेब इतका वेळ पगाराबद्दल बोलता बोलता तिच्या शिट्ट्या मोजत होते! माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला खरा ऐवज हा आहे. लांबलेला कॉल कुणाकडेही असतो. बोलता बोलता शिट्ट्या मोजणारा, डाळ लागू नये म्हणून काळजी घेणारा आणि तरीही कॉल न संपवणारा साहेब हा एकच आहे. आणि तो एकच असल्यामुळे वाचणाऱ्याला आपला साहेब आठवतो.

“मग तू गॅस बंद करून आल्यावर?”

“मग काय, परत सुरू.”

‘परत सुरू’ हा सारांश होता, शब्द नव्हते. तिला आठवेना. माझ्या मनात एक वाक्य तयार झालं होतं, ‘चला, आता पहिल्या मुद्द्यावर येऊ’, आणि ते तिसऱ्या शिट्टीसमोर चपखल बसत होतं. पण ते मी रचलेलं होतं. त्या कॉलवर असलेले बाकीचे लोक हीच पोस्ट वाचणार होते, आणि त्यांना एक वाक्य जरी बनावट वाटलं तरी शिट्ट्याही बनावट वाटल्या असत्या. तिने कॉलवरच्या एका सहकाऱ्याला विचारलं. त्याला लख्ख आठवत होतं, कारण तोही तेव्हा हसू दाबत होता. साहेब म्हणाले होते: “हां. आता मेन विषयाकडे वळू.”

माझ्या वाक्यापेक्षा हे किती तरी बरं आहे. ‘पहिला मुद्दा’ जुळवल्यासारखा वाटला असता, तिनाला एक असा. ‘मेन विषय’ ऑफिसात रोज कानावर पडतो. आणि त्या एका शब्दाने मागची सगळी शिट्ट्यांची वेळ नुसती प्रस्तावना होऊन जाते.

एवढं हातात आल्यावर लिहायला फार वेळ लागला नाही. शेवटचा मसुदा:

> “दोनच मिनिटं, मॅडम,” साहेब म्हणाले, म्हणून मी कुकर लावून कॉलला बसले.
>
> पहिली शिट्टी झाली. दुसरी झाली.
>
> तिसरीला साहेब बोलता बोलता थांबले.
>
> “मॅडम, तीन झाल्या. गॅस बंद करा.”
>
> मी बंद करून आले.
>
> “हां. आता मेन विषयाकडे वळू.”

यातल्या काही जागांवर आमचा बराच वेळ गेला, त्या सांगते.

‘मॅनेजर’चा ‘साहेब’ केला, कारण ती रोज साहेबच म्हणते, आणि ते तिला मॅडम म्हणतात. ‘बॉस’ म्हटलं की विनोदातला ठरलेला खडूस माणूस उभा राहतो. हा माणूस तसा नाही. ‘साहेब’ आणि ‘मॅडम’ या दोन शब्दांत त्यांच्यातलं अंतर आणि अदब दोन्ही आलं, त्यामुळे गॅसविषयीची ती घरगुती सूचना जास्त अचानक वाटते.

‘तीन झाल्या’मध्ये ‘शिट्ट्या’ हा शब्द नाही. तिला तो हवा होता, नाहीतर कळणार नाही असं तिला वाटत होतं. पण ‘झाल्या’ हे रूपच स्त्रीलिंगी अनेकवचनी आहे. मागच्या दोन ओळींत शिट्टी होऊन गेली आहे, तेव्हा काय तीन झाल्या हे वाचणारा स्वतः भरतो. तेवढं काम त्याच्याकडे राहू द्यावं. स्वयंपाकघरात कुणीही ‘तीन शिट्ट्या झाल्या आहेत’ असं म्हणत नाही, आतून ओरडून ‘तीन झाल्या गं’ एवढंच म्हणतात. साहेबांच्या तोंडी ते तसंच आलं, म्हणून ते खरं वाटतं.

‘मी बंद करून आले’ ही ओळ मी आधी काढली होती. तिच्यात गंमत नाही, माहिती नाही, मग कशाला, असं वाटलं. मोठ्याने वाचून पाहिलं तर साहेबांची दोन वाक्यं एकमेकांवर आदळली, ‘हां’ कोण म्हणतंय तेच कळेना. ती ओळ म्हणजे खुर्ची मागे सरकण्याचा, स्वयंपाकघरात जाऊन यायचा वेळ आहे. तेवढ्या वेळात वाचणारा समजतो की आता कॉल संपणार. ही समजूत व्हायला ओळभर जागा लागते, आणि ती झाली नाही तर पुढच्या ओळीला मोडायला काही उरत नाही. आम्ही ती परत घातली.

खरं भांडण शेवटावर झालं. तिला खाली जोडायचं होतं: ‘आणि मग कॉल आणखी अर्धा तास चालला! कुकर पडला तरी कॉल चालूच!’ कुकर पडला हे मलाही मोहात पाडत होतं. वाफ जिरली की आपण कुकर पडला म्हणतो आणि त्या ‘पडला’ला एक छान धप्प असा आवाज आहे. पण ‘मेन विषय’ ऐकल्यावर पुढचा अर्धा तास वाचणाऱ्याने स्वतःच मोजलेला असतो. तोच पुन्हा लिहिला तर त्याच्या हसण्यावर आपण बोलायला लागतो. शेवटच्या वाक्यानंतर हसू यायला रिकामी जागा लागते, आणि चेहरे, ‘रिलेट’, ‘कॉमेंटमध्ये सांगा’ हे सगळं नेमकं त्या जागेत येऊन बसतं. तिने कुकर पडलेला काढला, पण तिच्या मनातून तो अजून गेलेला नाही.

पोस्ट टाकण्याआधी तिने ती साहेबांना दाखवली. हे मी आग्रहाने करायला लावलं. आधीच्या मसुद्यात मॅनेजर कुणीही होता, म्हणून दुखवायचा प्रश्न नव्हता. आता तो एक ओळखू येणारा माणूस होता, आणि तपशील जितका नेमका तितका माणूस उघडा पडतो. साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, “घरी कुकरची ड्युटी माझीच आहे, त्यामुळे शिट्टी झाली की आपोआप मोजली जाते.” त्यांनी परवानगी दिली. तिला हे वाक्यही पोस्टमध्ये हवं होतं. वाक्य गोड आहे, पण ते कारण सांगतं, आणि कारण कळलं की मोजण्यातलं नवल संपतं. ते बाहेरच ठेवलं.

असा तपशील निवडताना एक फरक पाहावा लागतो. तिच्या विभागात एक फॉर्म आहे, त्याच्या नंबरावरून सगळे हसतात. तो घातला असता तर सातजण हसले असते. कुकर तिच्या घरातला आहे, पण तो वाचणाऱ्याच्याही घरात आहे, आणि शिट्ट्या मोजणं ही मराठी घरात कुणी न शिकवता आलेली गोष्ट आहे. तपशील नेमका हवा, पण त्याचा कायदा वाचणाऱ्याला आधीपासून माहीत हवा. हीच पोस्ट तिच्या कंपनीतल्या युरोपातल्या सहकाऱ्यांसाठी इंग्रजीत करता येईल का, असं तिने विचारलं. मी नाही म्हटलं. ज्यांच्याकडे शिट्टीवर डाळ शिजत नाही त्यांना आधी कुकर समजावून सांगावा लागेल, आणि समजावल्यावर तो वेळ मोजायचं सोडून देतो. त्यांच्यासाठी त्यांच्या घरातलं दुसरं काहीतरी शोधावं लागेल.

त्याच ग्रुपवर तिने हा मसुदा टाकला. अंगठे या वेळीही आले, पण मी बघत होते ते वेगळंच. लोक आपापलं लिहायला लागले. कुणी लिहिलं, आमच्याकडे डाळीला चार लागतात, पाणी जड आहे. कुणी लिहिलं, तीन शिट्ट्या आणि मग मंद गॅसवर पाच मिनिटं, साहेबांना सांगा. एकाने कॉलवर असताना दारात भंगारवाला आला होता त्याचा किस्सा लिहिला, ज्यात कुकर नव्हताच. पहिल्या पोस्टमध्ये ‘कॉमेंटमध्ये सांगा’ असं विनवूनही कुणी काही सांगितलं नव्हतं. इथे कुणी विचारलं नव्हतं. पोस्ट पोचली की नाही हे मी आता अशाच प्रतिसादांवरून ओळखते: ‘खरंय’ आलं तर प्रकार पोचला, आणि वाचणाऱ्याने स्वतःची एखादी वस्तू, स्वतःचा एखादा आकडा लिहिला तर चित्र पोचलं.

एक जागा मात्र आमच्यात अजून मिटलेली नाही. ‘तिसरीला साहेब बोलता बोलता थांबले’ यातलं ‘बोलता बोलता’ मला आज जास्तीचं वाटतं. ‘तिसरीला साहेब थांबले’ एवढंच असतं तर थांबणं खरोखर थांबल्यासारखं झालं असतं. ती म्हणते, अजिबात नाही, ते अर्ध्या वाक्यात थांबले होते, आणि अर्ध्या वाक्यात थांबणारा साहेब तिने नोकरीच्या इतक्या वर्षांत त्या एकदाच पाहिला.